पाठीमागची जागा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईला खेळातल्या मंडळींनी 'टेकू' हे नाव दिलं होतं, आणि तिला ते आवडायचं. दुकानात सगळे तिला 'बाई' म्हणत. घरी तिला कुणी काहीच म्हणत नसे. तेव्हा टेकू तर टेकू.

वय एक्केचाळीस. सकाळी दहा ते सहा ती त्या खिडकी नसलेल्या खोलीत असायची. गिऱ्हाईक बाहेर आरशासमोर फ्रेम घालून मान वळवून वळवून स्वतःला बघत असे, आणि आत टेकू त्याच्या काचेचा मध्य मशीनवर शोधून शाईचे तीन ठिपके देत असे. मग काच चाकाला लावायची, फ्रेमच्या मापाची कड काढायची, धार मारायची, फ्रेम गरम हवेवर धरून काच आत बसवायची. मध्य दोन मिलिमीटर चुकला की माणसाचं डोकं दुखायला लागतं, पण का दुखतंय ते त्याला सांगता येत नाही. बरोबर बसला तर तो फ्रेमचं कौतुक करतो. वीस वर्षांत टेकूच्या काचेचं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि तिनंही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. अशी माणसं असतात. त्यांना गृहीत धरणं इतकं सोपं असतं की आपण ते करतोय हेही आपल्या ध्यानात येत नाही.

बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी ती टायरच्या दुकानावरच्या गेमिंग सेंटरमध्ये जायची. लोखंडी जिना, वर एक लांबट खोली, दोन भिंतींना पाच-पाच कॉम्प्युटर, रबराचा खालून वर येणारा वास. तिथे तिची टीम होती. शाळेची व्हॅन चालवणारे ड्रायव्हरकाका, एक वायरमन, लायब्ररीतला एक कारकून, ती स्वतः, आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ एकोणतीस वर्षांचा. मोबाइल दुरुस्त करायचा. एका जागी पाय ठरत नसे म्हणून त्याला सगळे 'भिंगरी' म्हणत.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. समोरासमोर पाच-पाच माणसं. प्रत्येकाचा पडद्यावर एक वीर. मैदानाच्या मध्यावर एक वर्तुळ, ते आपल्या ताब्यात जितका वेळ राहील तितके टक्के वाढत जातात, शंभर झाले की फेरी जिंकली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. मेलेला वीर दहा सेकंदांनी आपल्या तळावर पुन्हा उभा राहतो. पाचांतला एक टँक, म्हणजे थोराड अंगाचा, सगळ्यांत पुढे उभा राहून मार अंगावर घेणारा. ते ड्रायव्हरकाका. दोघं मारणारे, वायरमन आणि भिंगरी. उरलेले दोघं सपोर्ट. त्यांचं हत्यार कमकुवत, अंग नाजूक, जागा पाठीमागे. बाकीचे तिघं उभे राहावेत, लढावेत, पडू नयेत, एवढंच त्यांचं काम. म्हणूनच समोरच्या टीमला अक्कल असेल तर ती आधी सपोर्टलाच गाठते.

सपोर्टमध्येही दोन तऱ्हा. लायब्ररीतला कारकून दुसऱ्या तऱ्हेचा. त्याचा वीर जखमा फारशा भरत नसे, पण सोबत्यांचा वेग वाढवी, शत्रूचे पाय जड करी, एखाद्याला चार सेकंद झोपवी, भिंतीपलीकडे कोण दबा धरून बसलंय ते दाखवी. टेकूची वीरांगना हातात कंदील घेतलेली. कंदिलातून प्रकाशाचा एक धागा निघून सोबत्याला चिकटे आणि त्याची हेल्थ हळूहळू भरत राही, याला खेळाडू हील म्हणतात. नेम धरावा लागत नसे, फक्त तो माणूस नजरेसमोर लागे. मध्ये भिंत आली की धागा तुटला. दुसरं, शील्ड. सोबत्याभोवती बुडबुड्यासारखं कवच, पहिले चार तडाखे ते खाई. पण एकदा दिलं की पुढचे बारा सेकंद पुन्हा मिळत नाही. तिसरी फुंकर. कुणाला विष लागलं, कुणी गोठला, की फुंकर मारून मोकळं करायचं. आणि चौथी मोठी शक्ती, जिला खेळाडू अल्टी म्हणतात. ती भरायलाच दीड मिनिट लागे, पण टाकली की जमिनीवर उजेडाचं एक रिंगण पडे आणि त्यात उभा असलेला माणूस चार सेकंद काही केल्या मरत नसे. सपोर्टचं सगळं कसब यातच आहे. देण्यासारखं थोडंच असतं, मागणारे चार असतात, आणि एकदा दिलं की काही काळ हात रिकामे.

टेकू इथे आली कशी, ती गोष्ट खेळाची नाही.

अडीच वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली. फुप्फुसात पाणी. भिंगरी तेव्हा आठ दिवसांच्या स्पर्धेला दुसऱ्या गावी गेला होता, त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी स्पर्धा. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी टेकूला बाजूला घेतलं आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. रोज रात्री भिंगरीचा फोन येई. टेकू रोज सांगे, "बरी आहे. झोपलीय आत्ता. तू खेळ." सहाव्या दिवशी आई गेली. भिंगरी सातव्या दिवशी पोचला. दारातच त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?" टेकू म्हणाली, "हो." त्यानंतर तो घरात तिच्याशी बोलला नाही.

भांडण नाही, आदळआपट नाही. दोघंही त्याच दोन खोल्यांत राहिली. तो तिनं केलेलं जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. सांगण्यासारखं काही असेल तर फ्रिजवर चिठ्ठी. 'गॅस सांगितला आहे.' 'उद्या पाणी नाही.' त्याच्या अक्षरातली प्रत्येक चिठ्ठी तिनं डब्यात जपून ठेवली होती, हे जरा वेडेपणाचंच, पण ठेवली होती. चौदा महिने असे गेले. शेजारच्या खोलीतून मात्र ती त्याचा आवाज ऐकायची, हेडफोन लावून तो टीमशी बोलायचा तेव्हा. तिथे तो हसायचासुद्धा.

मग टीममधला सपोर्ट बदलीवर गेला. टीमला माणूस मिळेना, कारण मागे उभं राहायला कुणालाच नको असतं. टेकूनं हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि दुसऱ्या रविवारी तो लोखंडी जिना चढून कोचसमोर उभी राहिली. कोच एकेकाळचा खेळाडू, उजव्या मनगटाला कायम पट्टा. त्यानं तिला नेम धरायला लावला आणि कपाळाला हात लावला. मग कंदीलवाली दिली. भिंगरी दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर तोंड फिरवून बसला होता. पण खेळात कितीही अबोला असला तरी पाठीमागे कोण आहे हे विचारावंच लागतं. सातव्या मिनिटाला हेडफोनमधून आवाज आला, "ताई, मागे आहेस ना?"

चौदा महिन्यांनी. टेकूनं हेडफोन कानाशी घट्ट दाबला. "आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून आठवड्यातले ते सहा तास तिच्या हक्काचे होते. हेडफोन उतरला की तो पुन्हा मुका. पण हेडफोन असेतो "ताई, हील दे", "ताई, शील्ड", "ताई, मागे आहेस ना?" जगातली इतर माणसं भावंडांशी कशी बोलतात ते मला माहीत आहे. टेकूला एवढंच मिळत होतं, आणि त्या एवढ्यावर ती आठवडा काढायची.

आणि आता तेही जायची वेळ आली होती.

मोठ्या स्पर्धेची फायनल तीन आठवड्यांवर आली होती. पाच नावं रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायची होती. आणि सेंटरवर एक नवी मुलगी येऊ लागली होती, औषधनिर्माण शिकणारी, एकोणीस वर्षांची. तिला अजून टोपणनाव पडलं नव्हतं, सगळे नुसतं 'नवी' म्हणत. ती टेकूचीच कंदीलवाली खेळायची आणि सामना संपल्यावरच्या फलकावर तिच्या नावापुढे चौदा हजारांचं हील दिसायचं. टेकूचं कधी नऊ, कधी साडेनऊ.

"रविवारी दोन सामने," कोच म्हणाला. "दोन्हींत समोर एकच टीम. एकात नवी, एकात तू. मग ठरवू. मला लपवाछपवी जमत नाही, म्हणून आधीच सांगतोय."

बुधवारी सगळे गेल्यावर त्यानं तिला थांबवलं आणि गेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं. तिच्या डोळ्यांनी, म्हणजे तिला पडद्यावर जे दिसत होतं ते. एक वायरची खुर्ची ओढून तो शेजारी बसला.

"आकडे विसर," तो म्हणाला. "वेड्यासारखा मार खाणाऱ्या माणसाला भरत राहिलं की आकडे फुगतात. फुंकरीचे गुण मिळत नाहीत, न बसलेल्या गोळीचे मिळत नाहीत. मला फलक वाचता येतो. मला दुसरंच दाखवायचंय. भिंगरी किती वेळा मेला?"

"अकरा."

"त्यातला हा बघ."

पडद्यावर भिंगरीचा वीर पुढे धावत होता. त्याची हेल्थ दाखवणारी पट्टी अर्ध्यावर आली, टेकूचा धागा त्याला चिकटला, पट्टी वर चढली. पुन्हा खाली आली, तिनं शील्ड टाकलं. तो आणखी पुढे गेला, कोपऱ्यावरून वळला. धागा तुटला. दोघांनी त्याला घेरलं. ती धावत कोपऱ्याशी पोचली तेव्हा तो पडलेला होता.

"हा दुसरा," कोच म्हणाला. तसाच. तिसराही तसाच. चौथ्याला टेकूनं मान खाली घातली.

"अकरापैकी नऊ वेळा तुझं शील्ड संपल्यावर पाच सेकंदांच्या आत मेलाय. तुझे हात चुकत नाहीत. हात जरा संथ आहेत, पण योग्य वेळी योग्य माणसाकडे जातात. चुकतंय ते तोंड. त्याला त्याची स्वतःची पट्टी दिसते. तुझ्याकडे काय उरलंय ते त्याला दिसत नाही. तू गुपचूप भरत राहतेस, त्याला वाटतं सगळं ठीक आहे, तो पुढे जातो. तुझे हात रिकामे होतात तेव्हाही तू गप्प. तो मेल्यावर विचारतो, हील कुठे होतं? तू काय म्हणतेस माहितीय? तू म्हणतेस, 'चुकलं, पुढच्या वेळी देते.'"

टेकू पडद्यावरच्या पडलेल्या वीराकडे बघत राहिली.

"शील्ड गेलं की सांगायचं, गेलं. बारा सेकंद नाही म्हणून सांगायचं. मागून कुणी आलं तर सांगायचं. मरणार असशील तर मरायच्या आधी सांगायचं. हेही सपोर्टचंच काम आहे, अर्धं काम. का नाही बोलत तू?"

"त्याचं लक्ष विचलित होईल म्हणून," टेकू म्हणाली. "तो नीट खेळत असतो."

वाक्य तोंडातून निघालं. हेच वाक्य तिनं कुठे म्हटलं होतं ते तिला लख्ख आठवलं. हॉस्पिटलच्या पाण्याच्या नळाशी उभं राहून, शेजारच्या बाईला. भावाला का नाही बोलावत, असं त्या बाईनं विचारलं होतं. 'तो नीट खेळतोय, कशाला त्याला.' कोच पुढेही काहीबाही सांगत होता. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

रविवारी दुपारी आधी नवीचा सामना झाला. मुलगी हातांची चपळ होती, त्यात वाद नाही. विष लागायच्या आत तिची फुंकर पोचत होती. टीम दोन फेऱ्या सरळ जिंकली. फलकावर पंधरा हजार. भिंगरी सात वेळा मेला, पण जिंकल्यावर ते कोण बघतो?

मग टेकू बसली. तिनं चष्मा दोनदा पुसला. पहिल्या फेरीत तिनं बोलायचं ठरवलं होतं आणि जीभ टाळूला चिकटली. अडीच वर्षांचं कुलूप एका दुपारी निघत नाही. भिंगरी तीनदा कोपऱ्यावरून वळला, तीनदा मेला. फेरी गेली. कोच पाठीमागे हाताची घडी घालून उभा होता.

दुसऱ्या फेरीत सुरुवातीलाच भिंगरीची पट्टी झर्रकन उतरली. तिनं शील्ड दिलं. आणि डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी तशी बोलली, "शील्ड गेलं. बारा सेकंद काही नाही. पुढे जाऊ नको."

मग पडद्यावरचा भिंगरी कोपऱ्याशी थबकला आणि मागे आला.

एवढंच. पण त्या एवढ्यानं सगळा खेळ बदलला. "दहा सेकंद... पाच... आहे शील्ड, जा आता." तो गेला, एकाला पाडून परत आला. "काका, तुम्हाला धागा देते, भिंगरीला नाही, भिंगरी सांभाळून." "फुंकर ठेवलीय, वायरमन गोठला तरी चालेल." "डावीकडून एक येतोय." कारकुनानं त्या एकाला झोपवलं. तिची आणि कारकुनाची अल्टी एकाच वेळी भरली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही टाका, मी मागे ठेवते." एकाच संकटावर दोघांनी दोन्ही शक्ती उधळायच्या आणि पुढच्या संकटाला दोघांचे हात रिकामे, ही चूक सपोर्टची जोडी नेहमी करते. आज केली नाही. समोरच्यांनी मोठा स्फोट आणला तेव्हा तिनं रिंगण टाकलं, "आत या, चार सेकंद," आणि तिघं त्या उजेडात उभे राहिले, पट्ट्या तळाला टेकल्या तरी कुणी पडलं नाही. फेरी त्यांची झाली.

तिसरी फेरी. समोरचे ब्याऐंशी टक्के, हे चौऱ्याण्णव. वर्तुळ यांच्या ताब्यात. भिंगरी समोरच्या सपोर्टच्या मागे लागून खूप पुढे गेला होता, आणि तो सपोर्ट शेवटच्या घटका मोजत होता. टेकूनं शील्ड नुकतंच काकांना दिलेलं. फुंकर वायरमनवर खर्ची पडलेली. अल्टी अर्धीसुद्धा भरलेली नाही. आणि पाठीमागे पावलं वाजली. समोरच्यांचा माणूस वळसा घालून तिच्यासाठीच आला होता.

आजवर अशा वेळी ती काय करायची? धागा भिंगरीला चिकटवून ठेवायची आणि गुपचूप मरायची. त्याला शेवटपर्यंत वाटत राहायचं की पाठीशी कुणी आहे.

"भिंगरी, ऐक," ती म्हणाली. "माझ्याकडे काही नाही. शील्ड नाही, फुंकर नाही. माझ्यामागे माणूस आलाय, मी आता मरणार. तुझ्या पाठीशी कुणी नसेल. काकांपाशी ये."

तो वळला. हातातोंडाशी आलेला शत्रू सोडून वळला. त्याच क्षणी टेकूचा पडदा करडा झाला. कोपऱ्यात आकडा, दहा. दहा सेकंदांनी ती पुन्हा आपल्या तळावर उभी राहणार होती. तोवर हात बांधलेले, फक्त आवाज जात होता.

नऊ. आठ.

"आईच्या वेळी का नाही बोललीस असं?"

भिंगरीचा आवाज. हळू नाही, मोठाही नाही. पाचही जणांच्या कानात. वायरमनचा श्वास ऐकू आला.

"बोलायला हवं होतं," टेकू म्हणाली.

"तिनं सांगितलं होतं का तुला? त्याला नको बोलावूस म्हणून?"

सहा. हा प्रश्न नव्हता, पळवाट होती. तो स्वतःच दार उघडून देत होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं की झालं असतं. गेलेलं माणूस साक्ष द्यायला येत नाही, आणि भाऊ आयुष्यभर आईचा तेवढा त्याग मानत राहिला असता. पट्टी वर चढली असती. टेकूला 'हो' म्हणायचा फार, फार मोह झाला.

"नाही," ती म्हणाली. "ती तुला विचारत होती. रोज विचारायची, कधी येतोय. मीच नाही बोलावलं. मला वाटलं, तेवढे दिवस मी एकटी सांभाळेन. नाही सांभाळू शकले. आणि तुला कळू दिलं नाही."

तीन. दोन.

"लेकरांनो," ड्रायव्हरकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वर्तुळ जातंय."

"आले मी," टेकू म्हणाली. पडद्याला रंग परत आला होता, तिला मात्र तो धूसर दिसत होता. "तळावरून निघाले. पंधरा सेकंद लागतील पोचायला. शील्ड आहे."

ती धावत होती. आता तो कधीच बोलणार नाही, हेडफोनमध्येसुद्धा नाही, असं तिला वाटलं, आणि तरी ती धावत होती, कारण तिघं पुढे उभे होते.

"काका, मी तुमच्या डावीकडे आहे," भिंगरी म्हणाला. आवाज फाटलेला. "ताई येईपर्यंत इथेच थांबतो."

तो थांबला. ती पोचली. शंभर टक्के झाले.

फलकावर टेकूचं हील आठ हजार दोनशे. तीन फेऱ्यांत भिंगरी मेला पाच वेळा, त्यांपैकी पहिल्या फेरीनंतर दोनदाच. भिंगरी हेडफोन टेबलावर ठेवून उठला आणि जिन्यावर जाऊन उभा राहिला. बाकीचे उगाच वायरी गुंडाळत राहिले.

कोचनं तिला खिडकीपाशी बोलावलं. "आज तू अख्खा सपोर्ट खेळलीस," तो म्हणाला. मग मनगटाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. "पण मी नवीचं नाव देणार आहे. तिकडे समोर विशीतली पोरं असतील. तुझी फुंकर अर्धा सेकंद उशिरा जाते, टेकू. तो अर्धा सेकंद मला तुला शिकवता येणार नाही. तिला बोलायला मात्र तू शिकवू शकतेस. शिकवशील?"

खिडकीची कड धरून टेकू म्हणाली, "शिकवते. बुधवारपासून."

नवी आपली बॅग छातीशी धरून दाराशी उभी होती. तिनं ऐकलं होतं, तोंड उतरलेलं होतं. "मावशी," ती म्हणाली, "मला माझं संपलं की सांगायची भीती वाटते. ते रागावतील असं वाटतं."

"रागावतात," टेकू म्हणाली. "तरी सांगायचं. संपायच्या आधी सांगितलं तर निदान माणूस परत तरी येतो."

ती जिना उतरली तेव्हा भिंगरी रस्त्याला लागलेला होता. नेहमीचंच. घरी जाताना तो वीस पावलं पुढे चालायचा, आणि टायरच्या दुकानापुढच्या कोपऱ्यावरून वळला की दिसेनासा व्हायचा. टेकू घरी पोचेपर्यंत त्याच्या खोलीचं दार लागलेलं असायचं. अजून उजेड होता. टायरवाला शटर ओढत होता. उद्यापासून काय, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला, कारण उत्तर माहीत होतं. आता बुधवार-रविवारीही हेडफोन नाही, नुसत्या चिठ्ठ्या.

भिंगरी कोपऱ्याशी पोचला. आणि वळला नाही.

खिशात हात घालून, तिच्याकडे पाठ करून तो तसाच उभा राहिला. एक सायकलवाला त्याला चुकवून गेला. टेकूनं पावलं उचलली नाहीत, घाबरून तीही थांबली. तो तरी उभाच. मग ती चालू लागली, आणि ती शेजारी येईपर्यंत त्यानं पाऊल हलवलं नाही.

"डॉक्टर दुसऱ्या दिवशी नक्की काय म्हणाले होते?" त्यानं विचारलं. हेडफोन नव्हता. रस्त्यावर, उघड्या हवेत, तिच्याकडे न बघता. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नको. मी मध्ये रागावेन, तरी सांग."

दोघं बरोबर कोपऱ्यावरून वळली. टेकूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मंगळवार होता," ती म्हणाली. "सकाळी तिनं अर्धा कप चहा घेतला, आणि मला म्हणाली, त्याला फोन लाव."